कॅनडासाठी अनुभव प्रमाणपत्र: इंजिनिअरचं काम कागदावर नेमकं कसं लिहायचं?

नोकरी सोडताना बहुतेक भारतीय कंपन्या एका परिच्छेदाचं पत्र देतात. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कामाला होती, पद साइट इंजिनिअर, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. पुण्यातून मुंबईला नोकरी बदलायची असेल, तर एवढं पुरतं.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेतून कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या इंजिनिअरला मात्र ते पुरत नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तो माणूस किती वर्षं कामाला होता यासोबतच त्या वर्षांत तो रोज काय करत होता, हेही कळायला हवं. ते कळलं नाही तर तो अनुभव धरलाच जात नाही. मग हे कळावं म्हणून पत्रात भर घालायला सुरुवात होते, आणि तिथेच दुसरा धोका उभा राहतो. कमी लिहिलं तर अनुभव बाद होऊ शकतो, आणि जास्त लिहिलं तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

पत्रात काय लिहायचं आणि कुठे थांबायचं, हे एका सिव्हिल इंजिनिअरच्या उदाहरणातून पाहूया.

पत्रात कोणती माहिती असायलाच हवी?

कॅनडाचा इमिग्रेशन विभाग, म्हणजे आयआरसीसी, याबाबत स्पष्ट आहे. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल हवा. थेट वरिष्ठाची किंवा एचआर अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा हवा. कर्मचाऱ्यानं त्या कंपनीत सांभाळलेली सगळी पदं, प्रत्येक पदाच्या तारखा, त्या पदावरची कामं आणि जबाबदाऱ्या, आठवड्याचे कामाचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ यांचा उल्लेख हवा. नोकरी अजून चालू असेल, तर तसंही लिहिलेलं हवं.

यातल्या बहुतेक गोष्टी एचआरच्या फाइलमध्ये तयार असतात. अडतं ते कामं आणि जबाबदाऱ्यांच्या भागाशी. हा भाग एचआरला माहीत नसतो आणि वरिष्ठाला लिहायला वेळ नसतो. म्हणून 'तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो' असं उत्तर मिळतं. यात गैर काही नाही. कच्चा मसुदा कर्मचाऱ्यानं लिहिणं ही सर्रास चालणारी पद्धत आहे. पण मसुदा लिहायला बसलेला इंजिनिअर इंटरनेट उघडतो, आणि पहिली चूक तिथे होते.

एनओसीची यादी आणि तिची भुरळ

इथे एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र नव्हे. कॅनडा सरकारनं तिथल्या सगळ्या व्यवसायांचं जे वर्गीकरण केलं आहे, त्याचं हे संक्षिप्त नाव. प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी कोड आहे. सिव्हिल इंजिनिअरचा कोड २१३००, तर सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन यांचा २२३००. प्रत्येक कोडखाली त्या व्यवसायाचं थोडक्यात वर्णन असतं आणि त्यानंतर मुख्य कामांची यादी.

नियम असा की अर्जदारानं निवडलेल्या कोडच्या थोडक्यात वर्णनाशी जुळणारं काम केलेलं असावं, आणि यादीतली बरीचशी मुख्य कामंही केलेली असावीत. कोणतं काम त्या व्यवसायासाठी अत्यावश्यक म्हटलं असेल, तर ते तर हवंच. पदाचं नाव काय होतं आणि पदवी कोणती, यावर कोड ठरत नाही. तो प्रत्यक्ष कामावर ठरतो.

भुरळ पडते ती इथेच. २१३०० च्या यादीत मोठ्या सिव्हिल प्रकल्पांचं नियोजन आणि डिझाइन, बांधकामाचे तपशील ठरवणं, सर्वेक्षण आणि डिझाइन तपासून मंजूर करणं, व्यवहार्यता अभ्यास, निविदांचं मूल्यमापन अशी वाक्यं आहेत. ती तशीच उचलून पत्रात चिकटवली की पत्र 'जुळतं'. पण अधिकारी हीच यादी रोज वाचतात. तिची शब्दशः नक्कल असलेलं पत्र त्यांना लगेच ओळखू येतं, आणि ते पत्र कंपनीनं आपल्या माहितीवरून लिहिलं की अर्जासाठी रचलं, ही शंका येते. नक्कल केली म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही, पण त्या पत्राचं वजन घटतं. शिवाय अशा पत्रात प्रकल्प, ठिकाण, आकडे असं काहीच नसतं. ते पत्र कोणाचंही असू शकतं.

एक उदाहरण: जलकुंभ आणि पाइपलाइन

समजा, एका तरुणीनं सिव्हिलमध्ये बीई केलं आणि जुलै २०१९ मध्ये पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या ठेकेदार कंपनीत ज्युनिअर साइट इंजिनिअर म्हणून रुजू झाली. कंपनीकडे सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेचं काम होतं. त्यात १० लाख लिटरचा एक उंच जलकुंभ आणि साधारण ३० किलोमीटरची वितरण पाइपलाइन होती. डिझाइन एका सल्लागार कंपनीचं होतं आणि तांत्रिक मंजुरी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. जुलै २०२१ मध्ये तिला साइट इंजिनिअर म्हणून बढती मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं नोकरी सोडली.

एजंटाकडच्या साच्यावरून बनवलेल्या मसुद्यात तिचं काम असं दिसतं: 'शहराच्या संपूर्ण पाणीपुरवठा योजनेचं नियोजन आणि डिझाइन केलं. कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पाचं व्यवस्थापन केलं. जलकुंभाच्या डिझाइनची तपासणी करून मंजुरी दिली. प्रकल्पाचं बजेट ठरवलं. १०० जणांच्या टीमचं नेतृत्व केलं.'

यातलं एकही वाक्य निखालस कल्पनेतून आलेलं नाही, आणि म्हणूनच ते लिहिताना हात अडत नाही. योजना संपूर्ण शहराची होती. प्रकल्प कोट्यवधींचा होता. साइटवर गर्दीच्या दिवसांत शंभर माणसं असायची. फक्त यांतलं काहीच तिचं नव्हतं. डिझाइन सल्लागाराचं, मंजुरी प्राधिकरणाची, बजेट कंपनीच्या संचालकांचं आणि बहुतेक मजूर उपठेकेदाराचे. त्यातही २३-२४ वर्षांची, पहिलीच नोकरी करणारी व्यक्ती जलकुंभाच्या डिझाइनला 'मंजुरी' देते, हे वाक्य तिची जन्मतारीख समोर असलेल्या कुणालाही खटकेल.

आता तिनं खरोखर काय केलं ते पाहूया. सल्लागाराच्या ड्रॉइंगवरून तिनं जलकुंभाच्या पायाची आखणी केली. टोटल स्टेशन सर्व्हेअर चालवायचा, लेव्हल ती स्वतः घ्यायची. काँक्रीट ओतण्याआधी सळ्यांचा व्यास, अंतर आणि कव्हर ड्रॉइंगशी ताडून पाहायची आणि सल्लागाराच्या प्रतिनिधीला तपासणीसाठी बोलवायची. एम-३० काँक्रीटचे क्यूब भरून सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीचं रजिस्टर ठेवायची. पाइपलाइन टाकल्यावर टप्प्याटप्प्यानं पाण्याचा दाब देऊन गळती तपासायची. बढतीनंतर तिच्या हाताखाली दोन सुपरवायझर आणि एक सर्व्हेअर आला. आठवड्याचं कामाचं वेळापत्रक ती बनवू लागली, आणि ठेकेदाराच्या चालू बिलासाठी लागणारी मोजमापं घेऊन मोजमाप पत्रक तयार करू लागली.

हे काम लहान नाही. ते नेमकं लिहिलं तर भारदस्तही दिसतं. पत्र अर्थात इंग्रजीत असेल, पण मजकूर मराठीत मांडला तर तो साधारण असा होईल:

'श्रीमती … यांनी ३ जुलै २०१९ ते १४ फेब्रुवारी २०२४ या काळात आमच्या कंपनीत पूर्ण वेळ काम केलं. ३ जुलै २०१९ ते ३० जून २०२१ त्या ज्युनिअर साइट इंजिनिअर होत्या. १ जुलै २०२१ पासून त्या साइट इंजिनिअर होत्या. कामाचे तास आठवड्याला ४८. या संपूर्ण काळात त्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेच्या साइटवर नियुक्त होत्या. या योजनेत १० लाख लिटर क्षमतेचा आरसीसी उंच जलकुंभ आणि सुमारे ३० किमी वितरण वाहिनी यांच्या बांधकामाचा ठेका आमच्याकडे होता. योजनेचं डिझाइन ग्राहकानं नेमलेल्या सल्लागारानं केलं होतं.

ज्युनिअर साइट इंजिनिअर म्हणून त्यांनी मंजूर ड्रॉइंगनुसार आखणी आणि लेव्हल तपासल्या, काँक्रीटपूर्वी सळ्यांची मांडणी तपासून तिची नोंद ठेवली आणि क्यूब चाचण्यांचं रजिस्टर सांभाळलं. या काळात त्या प्रकल्प व्यवस्थापकांच्या देखरेखीखाली काम करत होत्या.

साइट इंजिनिअर म्हणून त्यांनी सुमारे १८ किमी वितरण वाहिनीच्या कामावर देखरेख केली आणि तिच्या दाबचाचण्या घेतल्या. आठवड्याचं कार्यवेळापत्रक तयार करून प्रगतीचा अहवाल प्रकल्प व्यवस्थापकांना दिला. चालू बिलांसाठी मोजमापं घेतली. दोन सुपरवायझर आणि एक सर्व्हेअर त्यांना रिपोर्ट करत होते. रस्त्याखालच्या जुन्या केबलमुळे वाहिनीचा मार्ग बदलावा लागला, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष स्थितीचं सर्वेक्षण करून पर्यायी मार्गाचं स्केच सल्लागाराकडे मंजुरीसाठी पाठवलं.'

यापुढे पगाराचं एक वाक्य, कंपनीचा संपर्क आणि सही. पत्र दीड पानाच्या आत संपतं.

या मजकुरात 'डिझाइन सल्लागाराचं होतं' हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. अनेकांना ते स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात त्यामुळे बाकीचं पत्र विश्वासार्ह होतं, कारण पत्र लिहिणाऱ्याला सीमा कुठे आहे हे ठाऊक असल्याचं दिसतं. पर्यायी मार्गाच्या स्केचचं वाक्यही पाहण्यासारखं आहे. फुगवणाऱ्यानं ते 'वाहिनीचं पुनर्डिझाइन केलं' असं लिहिलं असतं. इथे सर्वेक्षण आणि स्केच तिचं, मंजुरी सल्लागाराची. तिनं वापरलेली इंजिनिअरची बुद्धी तरीही दिसते.

मग कोड कोणता?

पहिल्या दोन वर्षांचं तिचं काम, म्हणजे इंजिनिअरच्या देखरेखीखाली तपासणी, चाचण्या आणि नोंदी, हे २२३०० च्या जवळ जातं. त्या कोडमध्ये बांधकामावरची तांत्रिक मदत आणि देखरेख येते. बढतीनंतरच्या कामात वेळापत्रक, क्षेत्रीय तपासणी, सर्वेक्षणातल्या माहितीचं विश्लेषण आणि हाताखालची माणसं आहेत. ही कामं २१३०० च्या यादीतही सापडतात, पण नियोजन आणि डिझाइनचा भाग तिथे कमी आहे. हे प्रकरण सीमेवरचं आहे, आणि ते सीमेवरचं आहे हे मान्य करूनच निर्णय घ्यावा लागतो.

कोड निवडण्याची जबाबदारी अर्जदाराची असते, कंपनीची नाही. त्यामुळे पत्रात कोड छापायची गरज नाही. उलट सांगलीतल्या साइटवरच्या कामाबद्दलच्या पत्रात कॅनडाचा कोड दिसला, की ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

फुगवण्यामागची एक समजूतही तपासून पाहायला हवी. 'इंजिनिअर' कोड मिळाला नाही तर सगळं गेलं, असं अनेकांना वाटतं. फेडरल स्किल्ड वर्कर कार्यक्रमात कौशल्य पातळी ० ते ३ मधले व्यवसाय चालतात. ही पातळी कोडच्या दुसऱ्या अंकावरून कळते. म्हणजे २१३०० ची पातळी १ आणि २२३०० ची २, आणि दोन्ही पात्र. परदेशातल्या अनुभवाचे गुण त्या पातळीनुसार कमी-जास्त होत नाहीत. फरक पडतो तो ठरावीक व्यवसायांसाठी काढल्या जाणाऱ्या निवड फेऱ्यांमध्ये. त्या व्यवसायांच्या याद्या वेळोवेळी बदलतात. आज यादीत असलेल्या कोडसाठी पत्र वळवून घेतलं आणि उद्या यादी बदलली, तर हाती फक्त वळवलेलं पत्र उरतं.

तासांचंही तसंच. साइटवर रोज बारा तास राबणारे इंजिनिअर 'आठवड्याला ७० तास' लिहून घेतात. कॅनडात पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला ३० तास, आणि त्यावरचे तास मोजलेच जात नाहीत. नियुक्तीपत्रात ४८ तास असतील तर ४८ लिहावेत. वर्षांच्या बाबतीतही हाव फारशी उपयोगाची नाही. एकमेकांशी तुलना करणाऱ्या गुणांकनात परदेशी अनुभवाचे गुण तीन वर्षांनंतर वाढत नाहीत.

क्रियापद जपून वापरायचं

पत्रातला खोटेपणा बहुतेक वेळा क्रियापदात असतो. 'डिझाइन केलं' म्हणजे आकडेमोड स्वतः केली आणि तिची जबाबदारी घेतली. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यानं ठरवलेल्या मापांवरून ड्रॉइंग काढलं असेल, तर ते 'ड्रॉइंग तयार केलं'. कुणी केलेलं डिझाइन दुसऱ्यानं पडताळलं तर 'तपासलं', आणि 'मंजूर केलं' हे फक्त ज्याच्या सहीनं काम पुढे जातं त्याच्यासाठी. 'व्यवस्थापन केलं' या शब्दाला तर माणसं, पैसा आणि वेळ यांवरचा अधिकार चिकटलेला असतो. साइट इंजिनिअरकडे पुष्कळदा वेळेवरचा थोडासा अधिकार असतो, पैशावरचा नसतो.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनाही हेच लागू होतं. ट्रान्सफॉर्मर बसवताना उत्पादक कंपनीच्या माणसासोबत उभं राहून चाचण्यांच्या नोंदी घेणं आणि सबस्टेशन कार्यान्वित करणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

एक साधी कसोटी उपयोगी पडते. प्रत्येक वाक्याला 'हे दाखवणारा कागद कुठला?' असं विचारावं. क्यूब चाचणीचं रजिस्टर, मोजमाप पत्रक, बैठकीचं इतिवृत्त, वरिष्ठाला पाठवलेला अहवाल, यांतलं काहीतरी आठवलं पाहिजे. हे कागद अर्जाला जोडायचे नाहीत, आणि त्यातले अनेक कंपनीच्या मालकीचे असल्यानं बाहेर न्यायचेही नाहीत. पण कागद आठवतच नसेल, तर वाक्य बहुधा हवेतलं आहे. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर प्रकल्पाचं नाव आणि रक्कम गाळता येते. 'पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी पाणीपुरवठा योजना' एवढंही चालतं. आकार आणि काम समजलं म्हणजे झालं.

पगार, तारखा आणि जुळणारे-न जुळणारे कागद

पत्र एकटं वाचलं जात नाही. त्याच्या शेजारी पगारपत्रकं, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट आणि पीएफचा इतिहास ठेवला जाऊ शकतो. भारतीय अर्जदारांचा घोटाळा होतो तो सीटीसीपाशी. सीटीसीमध्ये कंपनीनं भरलेला पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विमा असं सगळं धरलेलं असतं. पत्रात सहा लाख सीटीसी लिहिली आणि फॉर्म १६ मध्ये एकूण पगार पाच लाख चाळीस हजार दिसला, तर खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण आकडे जुळत नाहीत. म्हणून पत्रात 'एकूण वार्षिक पगार' आणि 'कंपनीचा पीएफ वाटा व इतर लाभ' वेगवेगळे लिहून घेणं बरं. लहान ठेकेदारांकडे पगाराचा काही भाग रोखीनं दिला जातो. तो कुठल्याही कागदावर नसतो. पत्रात तो भाग धरला, तर त्याला आधार देणारा पुरावा सापडत नाही.

तारखांचं दुखणं वेगळं आहे. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनी भरते, आणि ती कधीकधी महिनाअखेर म्हणून ढोबळ भरलेली असते. पत्रात १४ फेब्रुवारी आणि पीएफमध्ये ३१ जानेवारी, अशी तफावत दिसली तर अर्ज करण्याआधी कंपनीकडून दुरुस्त करून घेता येते.

वरच्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि साइट बंद पडली. त्या काळात पगार चालू होता का, अर्धा मिळाला का, की बिनपगारी रजा दाखवली? बिनपगारी काळ अनुभवात मोजला जात नाही. पगारपत्रकात तो स्पष्ट दिसत असेल, तर पत्रानं तो झाकून उपयोग नाही. तेवढे आठवडे वजा करून मोजलं, तरी तिच्याकडे चार वर्षांहून अधिक अनुभव उरतो.

मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पगारावर राहून दुसऱ्याच कंपनीच्या साइटवर काम करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. मेट्रो आणि महामार्गाच्या कामांवर हे नेहमीचं. अशा वेळी पत्र पगार देणाऱ्या कंपनीचं हवं, आणि त्यात कुठल्या कंपनीच्या कुठल्या प्रकल्पावर नेमलं होतं ते लिहिलेलं हवं. मोठ्या नावाच्या कंपनीच्या लेटरहेडचा मोह इथे होतो, पण पीएफच्या नोंदीत नाव पुरवठादाराचंच येतं.

पडताळणीत काय होतं?

अधिकारी प्रत्येक पत्र तपासतात असं नाही. शंका आली तर ते पत्रावरच्या फोनवर किंवा ईमेलवर संपर्क करू शकतात. फोन उचलणाऱ्याला विचारलं जातं, ही व्यक्ती इथे होती का, काय काम करायची, हे पत्र तुम्ही दिलंत का. पत्रावर सही एका विभागप्रमुखाची आणि फोन रिसेप्शनचा, आणि एचआरला पत्राचा पत्ताच नाही, अशी स्थिती असेल तर खरं पत्रही खोटं ठरण्याच्या मार्गाला लागतं. त्यामुळे पत्राला कंपनीचा जावक क्रमांक असावा, प्रत एचआरच्या फाइलला असावी आणि संपर्कासाठी कंपनीच्या डोमेनचा ईमेल असावा. जीमेलचा पत्ता बेकायदा नाही, छोट्या कंपन्या तोच वापरतात, पण त्यावर विश्वास कमी बसतो.

माहिती जुळली नाही तर अर्जदाराला आक्षेपाचं पत्र येतं आणि उत्तर द्यायला मुदत मिळते. उत्तर पटलं नाही, आणि महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली असा निष्कर्ष निघाला, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार पाच वर्षं प्रवेशबंदी लागू होते. या काळात कायम वास्तव्यासाठी पुन्हा अर्जही करता येत नाही. मजकूर एजंटानं लिहिला होता, हा बचाव सहसा चालत नाही. अर्जावर सही अर्जदाराची असते.

इथे डिझाइनबद्दलच्या त्या एका वाक्याची किंमत कळते. अधिकाऱ्यानं फोन केला आणि प्रकल्प व्यवस्थापक सहज बोलून गेले, 'नाही हो, डिझाइन कन्सल्टंटचं होतं, ती साइट बघायची,' तर त्यांनी तिचं वाईट चिंतलेलं नसतं. ते फक्त खरं बोललेले असतात.

पुढे कॅनडात पोहोचल्यावरही हा प्रश्न सुटत नाही. तिथे 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणून काम करायला प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो, आणि तो घेताना अनुभवाचा तपशील पुन्हा द्यावा लागतो. काम जवळून पाहिलेल्या माणसांकडून त्याची खातरजमा होते. इमिग्रेशनच्या अर्जात डिझाइनर असलेली व्यक्ती तिथे साइट इंजिनिअर कशी झाली, याचं उत्तर देणं अवघड जातं.

कंपनी सविस्तर पत्र देतच नसेल तर?

अनेक मोठ्या कंपन्यांचं धोरणच असतं की पत्रात फक्त पद आणि तारखा लिहायच्या. काही ठेकेदार कंपन्या बंद पडलेल्या असतात, तर काही मालक सोडून गेलेल्या माणसावर नाराज असतात. अशा वेळी जे छोटं पत्र मिळतं ते घ्यावं आणि त्याला इतर पुराव्यांची जोड द्यावी. थेट वरिष्ठानं, तो आता दुसरीकडे असला तरी, कामाचं वर्णन करणारं पत्र किंवा शपथपत्र द्यावं आणि तो त्या काळात तिथे होता याचा पुरावा सोबत लावावा. नियुक्तीपत्र, बढतीचं पत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि पीएफचा सेवा इतिहास जोडावा. कंपनीकडे सविस्तर पत्र मागितल्याचा आणि तिनं नकार दिल्याचा ईमेल असेल तर तोही. या सगळ्यावर, पत्र का मिळालं नाही हे सांगणारं अर्जदाराचं एक पान लावावं. हे मान्य होईलच अशी खात्री नसते, निर्णय अधिकाऱ्याचा असतो. एकट्या अर्जदाराचं स्वतःबद्दलचं शपथपत्र मात्र फारच दुबळं ठरतं.

नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडचं प्रमाणपत्र मराठीत असेल, तर त्याचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावं लागतं. ते अर्जदारानं किंवा त्याच्या नातेवाइकानं केलेलं चालत नाही. प्रमाणित अनुवादक हवा, नाहीतर अनुवादकाचं शपथपत्र हवं.

अर्जासाठी निमंत्रण आल्यावर सगळी कागदपत्रं द्यायला ६० दिवस मिळतात. पाच वर्षांपूर्वीचे प्रकल्प व्यवस्थापक आता आखातात असतील, एचआर दोनदा बदललं असेल, तर हे ६० दिवस लवकर सरतात. म्हणून जुन्या कंपनीचं पत्र निमंत्रणाची वाट न पाहता आधीच मागून ठेवणारे सुटतात. नोकरी सोडताना, शेवटच्या आठवड्यात, प्रकल्प व्यवस्थापक त्याच केबिनमध्ये बसलेले असताना ते मागितलं, तर मजकुरावरून वादही कमी होतात, कारण १८ किलोमीटर की ३०, हे तेव्हा दोघांनाही आठवत असतं.